कोणत्या सूचना?

‘कोणत्या सूचना? मी काही सूचना दिल्या नाहीत.’

८ नोव्हेंबर २०२४ च्या सकाळी निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने आमच्या सल्ला सेवेला एवढंच लिहिलं होतं. मी ते दुपारी वाचलं, आणि त्यानंतरचा आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर द्राक्षाचा सल्ला देणाऱ्या एका छोट्या सेवेत मी काम करते. शेतकरी प्रश्न लिहितो, पलीकडून एआयचं मॉडेल उत्तर देतं. त्या मॉडेलने कोणत्या भाषेत बोलायचं, आधी काय विचारायचं, काय सांगायचं टाळायचं हे ज्या मजकुरात लिहिलेलं असतं त्याला सिस्टीम प्रॉम्प्ट म्हणतात. आमच्यात आम्ही त्याला नुसती ‘नोट’ म्हणतो. ही नोट लिहिणं आणि सांभाळणं हे माझं काम. आमची नोट तेव्हा साधारण दीड पान होती. मराठीत आणि छोट्या वाक्यांत उत्तर दे. छाटणीची तारीख माहीत नसेल तर आधी ती विचार. औषधाच्या लेबलवर असेल त्याहून जास्त मात्रा कधीही सांगू नकोस. दोन औषधं एकत्र करायचा सल्ला देऊ नकोस. अशी ती नोट. शेतकऱ्याला ती दिसत नाही, दिसायचं कारणही नसतं. आपण दुकानात जातो तेव्हा मालकाने सकाळी नोकराला काय बजावलं हे आपल्याला कुठं ऐकू येतं?

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते.

या बागायतदाराने पहिल्यांदा लिहिलं होतं २८ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी. १० ऑक्टोबरला छाटणी झालेला प्लॉट, म्हणजे अठरावा दिवस. द्राक्षवाला माणूस तारखेत बोलत नाही, छाटणीपासूनच्या दिवसांत बोलतो. सगळा हंगाम त्या मोजणीवर चालतो. पानावर पिवळट तेलकट डाग आणि पान उलटलं की त्याच जागी पांढरी बुरशी, असं त्याने लिहिलं होतं आणि फोटोही पाठवला होता. केवड्याची, म्हणजे ज्याला सगळे डाऊनी म्हणतात त्याची, ही नेहमीची खूण. सेवेने नीट उत्तर दिलं. त्याच्याकडे घरात कोणतं औषध आहे ते विचारलं, त्याच्या लेबलवरची मात्रा पाहायला सांगितली, दाट फूट विरळ करून हवा खेळती ठेवायला सांगितलं. त्याने आभार मानले. मग दिवाळी आली आणि ११ दिवस तो काही बोलला नाही.

८ तारखेला सकाळी सात वाजता त्याने तीन शब्दांचा प्रश्न टाकला. ‘तेच मारू का?’

उत्तर आलं ते नऊ ओळींचं. त्यातल्या पहिल्या पाच ओळींत मॉडेलने आपल्याला सूचना समजल्याचं कळवलं होतं. आपण द्राक्षाचा सल्ला देणारी सेवा आहोत, मराठीत उत्तरं देऊ, लेबलपेक्षा जास्त मात्रा सांगणार नाही, औषधं एकत्र करायला सांगणार नाही, असं एकेक कलम वाचून दाखवल्यासारखं. प्रश्नाचं उत्तर त्याखाली, आणि तेही जणू मधे एक रात्रच गेली आहे अशा थाटात. फोनच्या पडद्यावर संदेश आला की वर फक्त पहिली ओळ दिसते. बागेत उभ्या असलेल्या माणसाला जे दिसलं ते एवढंच, की आपल्या सूचना कोणालातरी समजल्या आहेत.

मी त्यांना फोन केला. अशा वेळी लिहून उत्तर देण्यापेक्षा बोललेलं बरं, असं मला वाटतं.

“ताई, मला वाटलं पोरानं फोनात काही केलं,” ते म्हणाले. “नाही तर माझ्या नावानं कोणी लिहिलं. मी तर फक्त फवाऱ्याचं विचारलं.”

मी त्यांना खरं ते सांगितलं. हे उत्तर यंत्र देतं हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. त्या यंत्राला आम्ही काही नियम लिहून दिले आहेत, ते नियम समजले असं ते म्हणत होतं, आणि ते तुम्हाला ऐकू यायला नको होतं.

“म्हणजे ते तुमच्याशी बोलत होतं,” ते म्हणाले, “माझ्या फोनवर.”

याहून नेमकं मला कोणीही सांगितलेलं नाही. नोट मी लिहिलेली. तिची पोच कोणाला हवी असेल तर मला, आणि मी त्या संभाषणात नव्हते. ज्याला पोच मिळाली त्याने नोट लिहिली नव्हती, पाहिलीही नव्हती. शिवाय मला तरी त्या पोचेचा काय उपयोग होता? मॉडेलने नियम समजले असं लिहिलं म्हणून ते पाळले जातात असं नसतं. नियम पाळला गेला का हे उत्तरात दिसतं. मात्रा लेबलच्या आत आहे का, छाटणीची तारीख विचारली का, हे वाचलं की कळतं.

मग ही पोच आली कुठून? माझा पहिला समज असा होता की मॉडेलला ११ दिवसांची शांतता जाणवली आणि त्याने पुन्हा ओळख करून दिली. हा समज साफ चुकीचा होता. मॉडेलला शांतता जाणवत नाही. प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर आमचा प्रोग्राम आधीचं सगळं संभाषण पहिल्यापासून पुन्हा पाठवतो, आणि मॉडेल ते पहिल्यांदाच वाचावं तसं वाचतं. दोन संदेशांत एक मिनिट गेलं की महिना, याची त्या मजकुरात कुठेही नोंद नसते, आपण मुद्दाम केली नसेल तर. म्हणजे मॉडेलच्या बाजूने पाहिलं तर ‘परत आलेला माणूस’ असं काही नसतंच. पुढचा एक संदेश असतो, इतकंच. आणि नोटही दर वेळी सगळ्यात वर नव्याने जाते, त्यामुळे ११ दिवसांनी ती विसरली जाण्याचाही प्रश्न नसतो.

निदान ती तशी जायला हवी. मी त्या सकाळी मॉडेलकडे नेमकं काय पाठवलं गेलं ते काढून पाहिलं. थोडक्यात ते असं होतं:

```
[
  {"role": "user", "content": "(नोट, दीड पान)"},
  {"role": "assistant", "content": "(सूचना समजल्या)"},
  {"role": "user", "content": "पानावर तेलकट डाग..."},
  {"role": "assistant", "content": "(२८ तारखेचं उत्तर)"},
  {"role": "user", "content": "(नोट, दीड पान) तेच मारू का?"}
]
```

हे वाचताना `role` या शब्दाकडे पाहायचं. `user` म्हणजे लिहिणारा माणूस, `assistant` म्हणजे मॉडेलचं उत्तर. सेवा चालवणाऱ्याच्या सूचनांसाठी `system` अशी तिसरी जागा असते. आमची नोट त्या जागी नव्हतीच. ती शेतकऱ्याच्या तोंडी घातलेली होती, आणि तिच्याखाली मॉडेलच्या नावाने ‘सूचना समजल्या’ असं एक आधीच लिहून ठेवलेलं उत्तर होतं.

हे कोणी निष्काळजीपणे केलं नव्हतं. काही मॉडेलांमध्ये `system` ही वेगळी जागाच नसते; गुगलच्या जेमा मॉडेलच्या पहिल्या दोन पिढ्यांमध्ये ती नव्हती. अशा वेळी नोट पहिल्या संदेशात घालायची आणि तिच्याखाली एक होकार लिहून ठेवायचा, म्हणजे पुढचं संभाषण सुरळीत लागतं, ही या कामातली जुनी रीत आहे. आमची सेवा तशाच एका मॉडेलवर सुरू झाली. पुढे मॉडेल बदललं, `system` ची जागा मिळाली, पण मांडणी तीच राहिली. चालत होती म्हणून कोणी हात लावला नाही.

त्यात दुसरी गोष्ट मिसळली होती. सात दिवस संदेश आला नाही की आमचा प्रोग्राम ते संभाषण ‘संपलं’ असं धरत असे, आणि माणूस परत आला की नोट पुन्हा पाठवत असे, त्याच्या नव्या प्रश्नाला चिकटवून. हे का केलं होतं ते विचारल्यावर एका सहकाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपचा २४ तासांचा नियम सांगितला. तो नियम खरा आहे: शेतकऱ्याच्या शेवटच्या संदेशापासून २४ तासांपर्यंत सेवा त्याला मोकळेपणाने उत्तर देऊ शकते, त्यानंतर आपण होऊन लिहायचं तर आधी मंजूर करून घेतलेला ठरीव मजकूरच पाठवावा लागतो. पण तो नियम कोणी कोणाला कधी लिहावं याचा आहे. शेतकऱ्याने स्वतः लिहिलं की खिडकी पुन्हा उघडते. संभाषण विसरलं जाण्याशी त्याचा काहीच संबंध नाही. कोणाच्या तरी मनात या दोन गोष्टी एक झाल्या, २४ तास फार कमी वाटले म्हणून सात दिवस केले, आणि तो आकडा प्रोग्राममध्ये बसला.

आता मॉडेलच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एकाच माणसाने, एकाच संदेशात, आधी दीड पान सूचना दिल्या आणि मग तीन शब्दांचा प्रश्न विचारला. वर आधी तशाच सूचनांना आपण ‘समजल्या’ म्हटल्याचंही लिहिलेलं आहे. कोणीही आधी सूचनांना हो म्हणेल. मॉडेलने तेच केलं. त्याच्यापुढे जे मांडलं होतं त्याला ते धरून वागलं. मांडणी आमची चुकली होती.

दुरुस्ती सोपी होती. नोट `system` मध्ये, सगळ्यात वर. तिच्याखालचा तो लिहून ठेवलेला होकार काढून टाकला. कितीही दिवसांनी माणूस आला तरी नोट मधे कुठेही पुन्हा टाकायची नाही. हे केल्यावर आम्ही जुन्या संभाषणांचा एक गठ्ठा काढला, पाच-सात दिवसांपासून महिन्यापर्यंतच्या खंडानंतर लोक परत आले होते अशांचा, आणि तेच प्रश्न नव्या मांडणीत पुन्हा चालवून पाहिले. पोच नाहीशी झाली.

इथे एका सहकाऱ्याने शंका काढली, आणि ती मी अजून टाकाऊ मानत नाही. ते म्हणाले, माणूस इतक्या दिवसांनी येतो, त्याला काहीतरी खूण नको का की ही तीच सेवा आहे, तेच नियम आहेत? निदान एक ओळ? मी त्यावर दोन दिवस विचार केला. परत येणाऱ्याला खूण हवी असते हे खरंच आहे. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आपण सहा महिन्यांनी गेलो तर त्यांना आपलं आधीचं दुखणं आठवलं की बरं वाटतं. पण ते खुर्चीत बसल्यावर आपल्या नोंदणीच्या अटी म्हणून दाखवत नाहीत. ते विचारतात, गुडघा कसा आहे आता? खूण त्या गुडघ्यात असते. आमच्या शेतकऱ्याच्या बाबतीत ती खूण १० ऑक्टोबर या तारखेत होती. ती पुन्हा न विचारणं, ती धरून उत्तर देणं, यातच ओळख होती.

पण ती तारीख धरायची तर मधे किती दिवस गेले हे मॉडेलला कळायला हवं. म्हणून प्रत्येक नव्या संदेशाआधी प्रोग्राम एक ओळ घालू लागला:

```
[आज: 2024-11-08 | मागचा संदेश: 2024-10-28 | अंतर: 11 दिवस]
```

आणि लगेच नवं दुखणं उभं राहिलं. आता मॉडेल त्या अंतराचाच गाजावाजा करू लागलं. बऱ्याच उत्तरांची सुरुवात इतक्या दिवसांनी आलात, दिवाळी कशी झाली, अशी होऊ लागली. काहींत तर मागचा सल्ला पाळला का अशी चौकशी. वाचताना मला ते गोड वाटलं, पण आमच्या कृषी सल्लागार बाईंनी तोंड वाकडं केलं. त्या वीस वर्षं बांधावर जाऊन सल्ला देताहेत. त्या म्हणाल्या, “कोणी उशिरा आला की त्याला उशिरा आलास म्हणू नये. तो पुढच्या वेळी येत नाही.” शेतकऱ्याच्या गप्प राहण्यात काय काय असतं! मजूर दिवाळीला गेलेले असतात, पैसे संपलेले असतात, घरात कोणी आजारी असतं, किंवा सल्ला लागू पडला म्हणून विचारायची गरजच पडलेली नसते. यातलं काय झालं हे आपल्याला माहीत नाही, आणि न विचारता त्यावर बोलणं म्हणजे परक्याच्या घरात डोकावणं.

तेव्हा नोटेत मी हे लिहिलं:

```
तारीख आणि अंतर फक्त हिशोबासाठी आहे.
अंतरामुळे उत्तर बदलत असेल तरच त्याचा उल्लेख कर.
न येण्याचं कारण विचारू नकोस.
```

दुसऱ्या ओळीवर माझा सगळा भर आहे. माणूस परत आल्यावर काही नव्याने सांगावं लागेल का, याचं माझं उत्तर त्या ओळीत आहे. नुसत्या शांततेमुळे काही नव्याने सांगावं लागत नाही. त्या शांततेत बागेत काही बदललं असेल, किंवा आमच्या सल्ल्यात काही बदललं असेल, तर ते सांगावं लागतं.

बागेतलं बदललेलं कसं दिसतं ते याच प्रश्नावर पाहू. अठराव्या दिवशी कोवळी फूट असते, पानं थोडी, केवड्याला सगळ्यात सोपं भक्ष्य. एकोणतिसाव्या दिवशी घड सुटून बाग फुलोऱ्याच्या तोंडावर आलेली असते. त्या अवस्थेत ‘तेच’ औषध पुन्हा मारणं हा वेगळा निर्णय आहे. एकाच गटाचं औषध लागोपाठ मारत राहिलं तर बुरशी त्याला दाद देईनाशी होते, आणि फुलोऱ्यात विनाकारण फवारणी कोणी करू नये. म्हणजे ११ दिवसांनी उत्तर बदलतं. नव्या मांडणीत आम्ही हा प्रश्न चालवला तेव्हा मॉडेलने हिशोब बरोबर केला, २९ वा दिवस धरला, औषधाचा गट बदलायला आणि आधी पानं पुन्हा तपासायला सांगितलं. मला फार समाधान वाटलं. मी तो कागद घेऊन त्या बागायतदाराला पुन्हा फोन केला, असं उत्तर आलं असतं तर चाललं असतं का हे विचारायला.

ते जरा थांबले. मग म्हणाले, “ताई, मी खालच्या प्लॉटचं विचारत होतो.”

त्यांचे दोन प्लॉट आहेत. वरचा १० ऑक्टोबरला छाटलेला, खालचा २० ऑक्टोबरला. एकाच वेळी सगळी बाग छाटली तर मजूर पुरत नाहीत आणि माल एकदम येतो, म्हणून बहुतेक जण पुढंमागं छाटणी करतात. हे मला माहीत होतं. माझ्या नोटेला माहीत नव्हतं. ८ नोव्हेंबरला खालच्या प्लॉटचा १९ वा दिवस होता. म्हणजे वरच्या प्लॉटवर जी अवस्था असताना त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, जवळजवळ तीच अवस्था आता खाली आली होती, आणि तिथेही तेच डाग दिसत होते. त्यांच्या मनात प्रश्न पूर्ण होता. वर जे मारलं ते आता खाली मारू का? आमचं इतकं हिशोबी, इतकं सुधारलेलं उत्तर वेगळ्याच बागेचं होतं. आणि ते ठामपणे दिलेलं असल्यामुळे पोच देणाऱ्या त्या जुन्या उत्तरापेक्षा जास्त धोक्याचं होतं. जुन्या उत्तराने माणूस गोंधळला, त्याने लगेच विचारलं. या उत्तराने तो कदाचित गोंधळलाही नसता.

ही चूक कशी ओळखायची याचा एक आडाखा तेव्हापासून मी बाळगते. परत आलेल्या माणसाच्या पहिल्या संदेशात ‘तेच’, ‘ते’, ‘मागचं’, ‘परत’ असे मागे बोट दाखवणारे शब्द असतील, तर ते बोट नेमकं कुठे आहे हे आपल्याला वाटतं तेवढं ठरलेलं नसतं. दहा मिनिटांनी आलेलं ‘तेच’ वरच्या ओळीतलं असतं. ११ दिवसांनी आलेलं ‘तेच’ त्याच्या आयुष्यातलं असतं, आणि त्या ११ दिवसांतलं आपण काहीच पाहिलेलं नसतं. अशा वेळी उत्तराच्या पहिल्या वाक्यात आपण काय धरून चाललो आहोत ते उघड ठेवायचं: प्लॉट कोणता, छाटणी कधीची, दिवस कितवा. चुकलं असेल तर माणूस तिथेच दुरुस्त करतो. आणि उत्तर त्यावरच अवलंबून असेल तर आधी तो एक प्रश्न विचारायचा, एकच. हे आता नोटेत आहे. ज्या जागी पूर्वी सूचना समजल्याची पोच येत होती, त्याच जागी, पहिल्याच ओळीत, आता प्लॉट येतो.

नोट बदलली असेल तेव्हाचं सांगायचं राहिलं. आमच्या बाबतीत त्याच ११ दिवसांत तीही बदलली होती. सल्लागार बाईंच्या सांगण्यावरून दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ठरलेलं एक कलम मी ४ नोव्हेंबरला घातलं: कोणत्याही औषधाबद्दल बोलण्याआधी माल निर्यातीसाठी आहे की इथल्या बाजारासाठी हे विचार. युरोपला जाणाऱ्या द्राक्षात औषधाचा अंश किती चालतो याच्या मर्यादा फार कडक असतात. निर्यातीची बाग अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीत नोंदवलेली असते आणि कोणती औषधं वापरायची, काढणीआधी किती दिवस थांबायचं, यासाठी पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी पाहिली जाते. २८ तारखेच्या उत्तरात हा प्रश्न विचारलेला नव्हता, कारण तेव्हा नियमच नव्हता.

अशा वेळी परत आलेल्या माणसाला नियम बदलल्याचं सांगायचं का? मी इथे फरक करते. नुसता नियम वाढला असेल तर त्याची घोषणा नको. निर्यातीचा प्रश्न सरळ विचारावा आणि का विचारतो ते अर्ध्या वाक्यात सांगावं; त्याला आमच्या कामकाजाचा इतिहास नको असतो. पण नव्या नियमामुळे आपण आधी दिलेलं उत्तर अपुरं किंवा चुकीचं ठरत असेल, तर ते त्याला स्पष्ट सांगायलाच हवं. मागे अमुक सांगितलं होतं, निर्यातीचा माल असेल तर ते यादीत पाहून घ्या, असं. ते त्याचं आहे, कारण त्याने त्यावर पैसे खर्च केले, फवारा मारला. ती कबुली आपल्या आधीच्या उत्तराची असते. तिच्यात नोटेचं नावही यायची गरज पडत नाही.

इथे एक तांत्रिक खोच आहे जी मला उशिरा कळली. नोट बदलली तरी मॉडेलपुढे जुनी उत्तरं असतातच, संभाषणाचा भाग म्हणून. मॉडेल आपल्याच आधीच्या उत्तरांच्या वळणावर जातं. वर तीन उत्तरं निर्यातीचं न विचारता दिलेली दिसली की चौथंही तसंच द्यायचा त्याचा ओढा असतो, वर नोटेत काहीही लिहिलेलं असो. नव्याने आलेल्या शेतकऱ्यांना नवा प्रश्न विचारला जात होता आणि परत आलेल्यांना अनेकदा जात नव्हता, याचं कारण हे होतं. यावर नोटेत एक वाक्य घालावं लागलं, की वरची उत्तरं जुन्या नियमांनी दिलेली असू शकतात, नियम या नोटेतलेच धर. त्याने बराच फरक पडला. पूर्ण पडला असं म्हणणार नाही. म्हणून परत आलेल्यांची उत्तरं मी अजून वेगळी काढून वाचते.

आणि एक प्रसंग असा आहे जिथे पुन्हा ओळख द्यावीच लागते, तो म्हणजे फोन तोच पण माणूस दुसरा. आमच्याकडे हे सर्रास होतं. सुरुवातीला मुलगा विचारतो, महिन्याने त्याची आई. हे यंत्र आहे हे मुलाला सांगितलं होतं, आईला कोणीच सांगितलेलं नसतं. दिवसांच्या अंतरावरून हे कळत नाही, त्यामुळे अंतराला धरून सगळ्यांनाच पुन्हा ओळख देणं हा उपाय नव्हे. कळतं ते लिहिण्यावरून. माझा मुलगा विचारत होता, असं कोणी लिहितं; कोणी ‘सर’ म्हणून सुरुवात करतं; कोणी आवाजाचा संदेश पाठवतं. तेव्हा एक ओळ पुरते, की इथे उत्तर यंत्र देतं आणि गंभीर काही असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. नोटेतली बाकीची कलमं तिथेही आईच्या कामाची नाहीत. आणि कोणी सरळ विचारलं, की तुम्हाला कोणी काही नियम दिलेत का, तर हो म्हणायचं. न विचारता वाचून दाखवायचं नाही, पण विचारलं तर लपवायचंही नाही, हे मी नोटेत ठळक लिहून ठेवलं आहे.

काही जण नुसतं ‘नमस्कार’ लिहून थांबतात. त्यांना नमस्कार करायचा आणि काय विचारायचं आहे ते विचारायचं. यावर आमची एक लांबलचक बैठक झाली होती, तिची गरज नव्हती.

तो बागायतदार १ डिसेंबरला परत आला, २३ दिवसांनी. त्या आठवड्यात आभाळ भरलेलं होतं आणि सगळ्यांचेच प्रश्न वाढले होते. त्यांचा संदेश मी संध्याकाळी पाहिला. खालचा प्लॉट, छाटणी २० ऑक्टोबर, आज ४२ वा दिवस, माल निर्यातीचा, असं त्यांनी आधीच लिहून टाकलं होतं आणि मग प्रश्न. उत्तर चार ओळींचं होतं, आणि पहिल्या ओळीत ‘खालचा प्लॉट’ हे दोन शब्द होते.